बॅजचा फोटो नको, उघडणारी लिंक द्या

अंबडला आमच्या कंपनीत भरतीचं काम मी बघते, त्यामुळे नाशिक, सिन्नर, निफाडकडच्या नवीन पास झालेल्या मुलामुलींची प्रोफाइल्स रोज डोळ्याखालून जातात. सध्या नेटवर्क सपोर्टची जागा भरतोय, आणि चांगली चांगली पोरं एका लिंकपायी मागे पडताना दिसतायत, म्हणून हे जरा सविस्तर लिहितेय.

लिंक्डइनवर Licenses & certifications मध्ये कोणीही काहीही टाकू शकतं. सर्टिफिकेटचं नाव लिहिलं, खाली Issuing organization मध्ये नेटवर्किंगमधली सिस्को कंपनी निवडली की सिस्कोचा लोगो आपोआप शेजारी येऊन बसतो, त्यासाठी सिस्कोला कोणी विचारत नाही आणि लिंक्डइनही तपासत नाही. नावाशेजारी जी व्हेरिफाइडची खूण असते ती माणूस खरा आहे का, त्या कंपनीत आहे का एवढ्यापुरती, सर्टिफिकेटशी तिचा काही संबंध नाही. म्हणजे समोर बसलेल्या माझ्यासारखीला उपयोगाचा एकच रकाना उरतो, Credential URL. तो भरला की Show credential असं बटण येतं, ते दाबलं की ज्यांनी बॅज, म्हणजे ऑनलाइन सर्टिफिकेट, दिला त्यांच्या पानावर मी पोचते आणि अर्ध्या मिनिटात माझं काम होतं. हा रकाना बरेच जण रिकामा सोडतात, नाहीतर त्यात गुगल ड्राइव्हवरच्या पीडीएफची लिंक टाकतात. आता पीडीएफवरचं नाव बदलणं किती सोपं आहे हे सगळ्यांना माहितीये. सर्टिफिकेटवरच्या क्यूआर कोडचंही तेच, तो स्कॅन करून कुठल्या साइटवर जातोय ते बघावंच लागतं, खऱ्यासारखी दिसणारी साइट कोणीही उभी करू शकतं.

परवाचंच घ्या. सिन्नरचा एक मुलगा, डिप्लोमा झालेला, प्रोफाइलवर लिहिलेलं सीसीएनए, म्हणजे सिस्कोचं नेटवर्किंगचं सर्टिफिकेशन. Show credential दाबलं तर क्रेडलीचं, म्हणजे बॅज जिथं ठेवलेले असतात त्या साइटचं, लॉगिनचं पान आलं. मी फोन केला तर तो म्हणे, "मॅडम, माझ्याकडे तर उघडतंय." उघडणारच ना, तो स्वतःच्या अकाउंटमध्ये लॉगिन होता! त्यानं अ‍ॅड्रेस बारमधली लिंक जशीच्या तशी उचलून टाकली होती. फरक बघा, यातली पहिली फक्त त्यालाच दिसते आणि दुसरी सगळ्यांना:

```
https://www.credly.com/earner/earned/badge/…
https://www.credly.com/badges/…/public_url
```

दुसरी लिंक बॅजवर शेअर दाबलं की मिळते. मात्र बॅज आधी स्वीकारलेला पाहिजे आणि सेटिंगमध्ये तो पब्लिक ठेवलेला पाहिजे, प्रायव्हेट असेल तर ही लिंकही आम्हाला काही दाखवत नाही. बरोबर झालंय का हे बघायला लिंक इन्कॉग्निटो विंडोत उघडा, किंवा घरातल्या दुसऱ्या कोणाच्या मोबाइलवर उघडा, तिथं दिसली तर आम्हालाही दिसणार.

त्यानं लिंक बदलून पाठवली आणि मग खरी गोष्ट कळली. पानावर वर त्याचं नाव होतं, तारीख होती, देणारे सिस्को होते, सगळं खरं, पण बॅज होता सीसीएनए: इंट्रोडक्शन टू नेटवर्क्स या नेटवर्किंग अ‍ॅकॅडमीच्या कोर्सचा. हा कोर्स कॉलेजात होतो, सीसीएनएच्या तयारीतला पहिला टप्पा आहे तो. सीसीएनए सर्टिफिकेशन वेगळं, त्यासाठी 200-301 ही परीक्षा पिअर्सन व्ह्यू या परीक्षा घेणाऱ्या कंपनीकडे ओळखपत्र दाखवून, देखरेखीखाली द्यावी लागते आणि फीसुद्धा चांगलीच आहे. दोन्ही बॅज सिस्कोचेच, दोन्हीवर सीसीएनए ही अक्षरं, त्यामुळे पोरांची गल्लत होते आणि खरं सांगायचं तर बऱ्याच एचआरचीही होते. ओळखायचं कसं तर त्याच पानावर खाली Earning Criteria असतं, ते वाचायचं. तिथं कोर्स पूर्ण केला असं लिहिलंय का परीक्षा पास झाला असं लिहिलंय, एवढं बघितलं की शंका राहत नाही. प्रकारसुद्धा दिलेला असतो, Learning का Certification.

मुलगा खोटं बोलत नव्हता हो, त्याच्या वर्गात सगळे त्याला सीसीएनएच म्हणतात. मी त्याला सांगितलं की बाळा, प्रोफाइलवर बॅजचं पूर्ण नाव जसंच्या तसं लिही, कोर्स आहे तर कोर्स लिही. त्यानं बदललं आणि आम्ही त्याला मुलाखतीला बोलावलं. माझं स्पष्ट मत आहे, खरा उघडणारा छोटा बॅज हा न उघडणाऱ्या मोठ्या नावापेक्षा कधीही वरचढ. मोठं नाव लिहून लिंक वेगळंच काहीतरी दाखवायला लागली की पुढचं सगळं प्रोफाइलच मी संशयानं वाचायला लागते, आणि हे कोणासाठीच चांगलं नाही.

नावाचाही घोळ असतो आपल्याकडे. मार्कशीटवर आडनाव आधी, मग स्वतःचं, मग वडिलांचं. लिंक्डइनवर नुसतं नाव आणि आडनावाचं एक अक्षर. आणि बॅजवर तिसरंच काहीतरी, लग्नानंतर नाव बदललेल्या मुलींचा तर अजूनच गोंधळ. पासपोर्ट किंवा आधारवर जे आहे तेच सगळीकडे ठेवा, नाहीतर माणूस एकच आहे का हे विचारायला आम्हाला फोन करावा लागतो आणि शंभर अर्जांत तो फोन प्रत्येक वेळी होतोच असं नाही.

आणि ईमेल! बॅज ज्या ईमेलवर आला त्याच्याशी बांधलेला असतो. कॉलेजच्या ईमेलवर कोर्स केला, पास आऊट झाल्यावर कॉलेजनं तो ईमेल बंद केला, मग पासवर्ड विसरला तर रीसेटची मेल कुठं येणार? कॉलेज सोडायच्या आधीच क्रेडलीच्या सेटिंगमध्ये जाऊन स्वतःचा जीमेल जोडून ठेवा, एका अकाउंटला एकापेक्षा जास्त ईमेल जोडता येतात. शेवटच्या वर्षाला असणाऱ्यांनी हे आजच करा, प्लीज.

मुदतही बघा. सीसीएनए 3 वर्षं चालतं, नंतर परत परीक्षा द्या नाहीतर पुढच्या शिक्षणाचे ठरलेले क्रेडिट जमवून मुदत वाढवून घ्या. मुदत संपलेली असली तरी प्रोफाइलवर तारीख खरी लिहा, पानावर आम्हाला ती दिसतेच. 2021 ला पास झालेला आणि मधे काम केलेला माणूस आम्हाला चालतो, लपवलेली तारीख चालत नाही.

आता माझ्यासारख्या भरती करणाऱ्यांना पण सांगायचंय. समोरच्यानं चालणारी लिंक दिली असताना परत अटेस्टेड झेरॉक्स कशाला मागता? सातपूरहून, पिंपळगावहून पोरं सुट्टी टाकून, बसचं भाडं घालून फाइल घेऊन येतात आणि आपण ती फाइल उघडूनही बघत नाही. लिंक उघडा, साइट खरी आहे का बघा, नाव, तारीख आणि Earning Criteria वाचा, झालं. मार्कशीटसाठी डिजीलॉकरमधलं इश्यूड डॉक्युमेंट मागा, त्याला ओरिजिनलइतकंच वजन आहे. स्वतः अपलोड केलेलं असेल तर तो नुसता स्कॅन समजायचा. पण ते खाजगीत मागा, मार्कशीटवर जन्मतारीख, आईचं नाव सगळं असतं, ते कोणी पब्लिक प्रोफाइलवर टाकू नये.

एवढं करूनही बॅज काय सांगतो, तर अमुक माणसानं अमुक दिवशी अमुक गोष्ट पूर्ण केली. हात चालतो का हे तो सांगत नाही. म्हणून आम्ही मुलाखतीला टेबलावर एक स्विच ठेवतो, दोन व्हीलॅन, म्हणजे एकाच स्विचवर दोन वेगळी नेटवर्क, करायला सांगतो आणि मुद्दाम एक पोर्ट चुकीच्या व्हीलॅनमध्ये टाकून ठेवतो. सिन्नरच्या त्या मुलानं ते पोर्ट शोधलं. सोमवारपासून तो जॉइन होतोय.