जन्म झाला हे सिद्ध कसे करू नये

जन्माची नोंद 21 दिवसांत फुकट होते. म्हणून ती त्या मुदतीत करू नका. फुकट मिळालेल्या कागदाची किंमत राहत नाही. पुढे 30 दिवसांपर्यंत किरकोळ विलंब शुल्क भरून काम होते, वर्षाच्या आत असाल तर जिल्हा निबंधकांची लेखी परवानगी लागते. यात काही दम नाही. खरी मजा एक वर्ष उलटल्यावर सुरू होते. मग तुम्ही जन्मलात की नाही हे आई किंवा सुईण ठरवत नाही, दंडाधिकारी ठरवतात. पूर्वी हा आदेश कोर्टातून आणावा लागे. 1 ऑक्टोबर 2023 पासून तो जिल्हाधिकारी, प्रांत किंवा जिल्हाधिकाऱ्यांनी अधिकार दिलेले कार्यकारी दंडाधिकारी देतात. सही कोणाची आहे हे बघत बसू नका. 2025 मध्ये राज्यात अधिकार नसलेल्या नायब तहसीलदारांच्या सहीचे आदेश रद्द करायला निघाले, तेव्हा ज्यांनी बघितले नव्हते त्यांना ते वर्तमानपत्रातून कळले.

पहिला सल्ला : अर्ज तुम्ही राहता तिथेच करा. माझ्या आत्येबहिणीने तसेच केले. मुलाकडे परदेशी जायचे म्हणून व्हिसावाल्यांनी जन्मदाखला मागितला. ताई पुण्यात राहते, म्हणून पुण्यातच शोध घ्यायला लावला. महिनाभराने ‘नोंद आढळून येत नाही’ असा दाखला मिळाला. आम्ही पेढे वाटायचेच बाकी ठेवले. तो दाखला घेऊन अर्ज केला, तर खिडकीतून प्रश्न आला, “बाई, जन्म कुठे झाला?”

जन्म झाला होता आत्याच्या माहेरी, म्हणजे आमच्या गावात, आजीच्या घरी, सुईणीच्या हातून. नोंद जन्म झाला त्या ठिकाणी होते, वडिलांच्या पत्त्यावर नाही. पुण्यात न सापडलेली नोंद पुण्यात नव्हतीच, हे सिद्ध करायला आम्ही फी भरली होती. आपल्याकडे पहिले बाळंतपण माहेरी, तेव्हा निम्म्या महाराष्ट्राने हा घोळ घालण्याची सोय परंपरेनेच करून ठेवली आहे.

मग गावच्या ग्रामपंचायतीत. तिथला जुना रजिस्टर मात्र आधी बघू नका. थेट नवी नोंद मागा. नोंद जुनीच निघाली तर? अशा रजिस्टरांत बऱ्याचदा ‘मुलगी’ एवढेच लिहिलेले असते, नाव नाही, कारण बारसे नंतरचे. तसे असेल तर उशिराची नवी नोंद नसते, फक्त नाव घालून घ्यायचे असते, आणि ते फारच सोपे काम असल्याने त्यात पडू नये. एकाच जन्माच्या दोन नोंदी करून ठेवल्यात तर पुढचा प्रत्येक अधिकारी तुम्हाला ओळखू लागेल.

ताईचे नशीब वाईट : रजिस्टरात खरेच काही नव्हते. मग ग्रामपंचायतीचा दाखला, प्रतिज्ञापत्र, आत्या-आतोबांची कागदपत्रे, आणि मुख्य म्हणजे पुरावा. दवाखान्याचे कार्ड नाही, कारण दवाखाना नाही. राहिला शाळेचा प्रवेश उतारा. त्यात जन्मतारीख : 1 जून.

आत्या म्हणाली, “अगं, पाडव्याला झालीस तू, दिवाळीच्या. फराळ करायला मी उठलेच नव्हते.”

“फराळाचा पुरावा जोडता येतो का?” ताईने तहसीलमध्ये विचारले. कारकून हसले. त्यांच्या मते पहिलीत नाव घालताना गुरुजींनी वय जुळवायला अर्ध्या गावाला 1 जून दिला होता. त्यांचा स्वतःचाही तोच. तुम्ही अशा वेळी बाणेदारपणा दाखवा आणि अर्जात खरी तारीख लिहा. मग दाखला एक सांगेल, आधार, पॅन आणि पासपोर्ट दुसरे सांगतील, आणि पुढची दोन वर्षे करमणुकीची ददात राहणार नाही. ताईला एवढी हौस नव्हती. तिने 1 जूनच लिहिला.

आधार कार्ड एकटे पुढे करून “आता काय हवे?” असे डोळे वटारून विचारायलाही हरकत नाही. आधार ओळख पटवते, जन्म नाही, हे समजावताना समोरच्याचा दिवस बरा जातो. आणि साक्षीदार भाड्याने आणणार असाल तर घाई करा. 2025 पासून खोट्या कागदांवर गुन्हे दाखल करण्याचा सपाटा लागला आहे, चौकशीला पोलीसही येतात. आमच्या घरी आले होते. आजीच्या खोलीचा उंबरा त्यांनी नीट बघितला, आणि आत्याला विचारले, “इथेच?”

“नाही,” आत्या म्हणाली, “तेव्हा खोली नव्हती. गोठा होता.”

हवालदारांनी पेन थांबवले. अहवालात ‘राहत्या घरी’ असे लिहून घेतले.