तेवतेव

सलूनमधल्या खुर्चीत गळ्यापर्यंत कपडा गुंडाळून बसलो होतो आणि फोन वाजला. हात कपड्याखाली, म्हणून कारागिराने तो उचलून स्पीकरवर लावला. झालं, माझी अब्रू अख्ख्या दुकानात ऐकू आली.

फोन दिवाळी अंकातून होता. "सर, तुमच्या कथेत थोडं सोपं केलंय. 'तेवत' हल्ली कोणाला कळत नाही, म्हणून 'चमकत' केलं. आणि 'लुकलुकत' बालगीतासारखं वाटतं, तेही 'चमकत' केलं."

मी लिहिलं होतं: 'देवघरात समई तेवत होती आणि तिच्या उजेडात आजीची चमकी मधूनच लुकलुकत होती.' आता झालं होतं: 'देवघरात समई चमकत होती आणि तिच्या उजेडात आजीची चमकी मधूनच चमकत होती.' कथेत आजी मरणार होती, पण हे वाक्य वाचून ती आधीच गेली असती.

"अहो, समई चमकते ती चिंचेने घासल्यावर," मी ओरडलो. "पेटवल्यावर ती तेवते!"

"अंक छापायला गेला, सर."

मानधनाचं विचारायच्या आत फोन बंद. तेही मिणमिणतंच असतं म्हणा.

तेवढ्यात शेजारच्या खुर्चीतून, चेहऱ्यावर पूर्ण फेस असलेल्या एका आजोबांनी तोंड उघडलं. "मी चौतीस वर्षं वीज खात्यात तक्रारी लिहून घेतल्या," ते म्हणाले. "फोनवर बाई म्हणाली, 'दिवा मिणमिणतोय', की मी लिहायचो, व्होल्टेज कमी. 'लुकलुकतोय' म्हणाली की जोडणी कुठेतरी सैल. ट्यूब फडफडतेय म्हणजे बहुतेक स्टार्टर गेला. नुसतं 'नीट चमकत नाही' म्हणाली असती तर मी वायरमनला काय सांगून पाठवणार होतो? बल्ब पुसून ये?"

कारागिराचा वस्तरा हवेत थांबला होता. माझीही एक बाजू कापलेली, एक तशीच.

मला त्या माणसाच्या पाया पडावंसं वाटलं. लिहिताना मी इतकी वर्षं जे चाचपडत करतो, ते यांनी तक्रारवहीत करून ठेवलं होतं. उजेड स्वतःचा की उसना, हे आधी बघायचं. निरांजन तेवतं, घासलेलं पातेलं मात्र चकाकतं, कारण त्याच्यावर दुसऱ्याचा उजेड पडलेला असतो. मग तो उजेड टिकतो की तुटतो? आजीची चमकी मान हलली तरच दिसणार, क्षणात आहे, क्षणात नाही, म्हणून ती लुकलुकते. आणि एक की अनेक? एकटा दिवा कधी झगमगत नाही, त्याला लग्नाचा मांडव लागतो. तलवार लखलखते, वीजही लखलखते. पण कोणी 'नथ लखलखली' लिहिलं की मला तिच्या नवऱ्याची काळजी वाटते.

गंमत म्हणजे लुकलुक, झगमग, चमचम या सगळ्यांत पुन्हापुन्हा काहीतरी होतं, म्हणून शब्दही जोडीने येतो. 'तेवतेव' मात्र कोणी म्हणत नाही. जे एकसारखं चाललंय ते दोनदा कशाला सांगायचं? (मिणमिण या नियमाला जुमानत नाही. पण त्या दिव्यात तेवण्याइतका जीवच नसतो.)

हे सगळं मी आजोबांना उत्साहाने ऐकवलं. वर कथेतलं पुढचं वाक्यही म्हणून दाखवलं: 'बाहेर पश्चिमेला शुक्र लुकलुकत होता.'

"चूक," फेसातून आवाज आला. "लुकलुकतात तारे. ते इतके लांब, की नुसता ठिपका दिसतो आणि हवा हलली की तो ठिपकाही हलतो. ग्रह जवळ, त्याची छोटीशी का होईना, थाळी असते. तिच्या एका टोकाचा उजेड हलला तर दुसऱ्याचा सांभाळून घेतो. शुक्र बहुतेक वेळा स्थिरच दिसतो. पार खाली, क्षितिजाला टेकलेला असेल तर गोष्ट वेगळी. तुमचा टेकला होता का?"

माझा टेकला नव्हता. आजीच्या खिडकीतून तो चांगला वर होता, हे मीच आधीच्या परिच्छेदात लिहून ठेवलं होतं. आणि त्या 'सोपं करणाऱ्या' संपादकीय बुद्धीने एवढं एक लुकलुकणं नेमकं तसंच ठेवलं असणार, याची मला खात्री होती.

पुढचा वेळ मी गप्प बसलो. शेवटी कारागिराने नेहमीप्रमाणे मागे आरसा धरला. टाळूवरच्या त्या वाढत्या गोलाकडे मी सहसा बघत नाही.

"बघा साहेब, कसं चमकतंय," तो म्हणाला.

"चकाकतंय," आजोबा तोंड पुसत म्हणाले. "उजेड ट्यूबचा आहे."