फी, फाइल आणि ओटीपी : सल्लागार बदलण्यावरच्या एका प्रतिक्रियेला उत्तर

प्रतिक्रिया : "कर सल्लागार कसा बदलावा यावरचा तुमचा लेख एकतर्फी आहे. मी नाशिकला कॅनडा कॉर्नरजवळ एका कर सल्लागारांच्या ऑफिसात बारा वर्षं काम करतो. अशील फी थकवतो आणि तुम्ही त्याला शिकवता की आधी पोर्टलवरचा मोबाईल नंबर बदल, पासवर्ड बदल, मग काम काढून घेतल्याचं पत्र दे. फी मिळेपर्यंत फाइल ठेवून घ्यायचा आम्हाला हक्क नाही का? महिनाभर खपून केलेली जुळवणी तीही देऊन टाकायची? आणि रिटर्न पोर्टलवर असतातच, मग आमच्याकडे कशाला मागायची?"

क्रमाबद्दल तुमचं म्हणणं मला मान्य आहे. लेखात मी सरसकट 'आधी पासवर्ड' असं लिहिलं होतं, ते दुरुस्त करतो. समजा सातपूरच्या एका वर्कशॉपवाल्याने १७ तारखेला पासवर्ड बदलला. तुमच्या ऑफिसातून ११ तारखेला विक्रीच्या तपशिलाचं जीएसटीआर-१ गेलेलं आहे, कर भरायचं रिटर्न म्हणजे ३बी २० तारखेच्या आत जायचं आहे आणि आता लॉगिनच होत नाही. नव्या सल्लागाराच्या हातात खरेदीची बिलंच नाहीत. ३बी राहिलं की दिवसाला पन्नास रुपये लेट फी आणि थकलेल्या करावर वर्षाला १८ टक्क्यांनी व्याज, आणि चूक कुणाची यावरून वाद. म्हणून कोणत्या महिन्याचं ३बी जुन्या सल्लागाराने भरायचं, ते पत्रात महिन्याच्या नावासकट लिहावं आणि हस्तांतर २१ ते ३० या तारखांच्या मधे ठेवावं. पुढच्या महिन्याची ७ तारीख टीडीएसची आणि ११ तारीख जीएसटीआर-१ ची, त्याच्या आत नव्या माणसाला कागद लावायला दहाबारा दिवस मिळतात.

पण मोबाईल नंबराचा मुद्दा मी सोडणार नाही, कारण सगळ्यात जास्त अडतं ते तिथेच. नोंदणी करताना घाईत सल्लागाराचाच नंबर आणि ईमेल टाकला जातो. त्यात वाईट हेतू असतोच असं नाही, दर महिन्याला ओटीपीसाठी मालकाला फोन करायचा त्रास वाचतो म्हणून तसं करतात. आयकराच्या बाबतीत यातून सुटणं सोपं आहे. आधार पॅनला जोडलेलं असलं आणि आधारला स्वतःचा मोबाईल असला, की `Forgot Password` मधून आधार ओटीपीने नवा पासवर्ड मिळतो आणि मग `My Profile` मध्ये जाऊन स्वतःचा नंबर व ईमेल घालता येतो.

जीएसटीचं तसं नाही. तिथे `Services` → `Registration` → `Amendment of Registration Non - Core Fields` मध्ये जाऊन अधिकृत सही करणाऱ्याचा नंबर बदलायचा असतो. नव्या नंबराची खात्री नव्या नंबरावर होते, पण अर्जावर ओटीपीने सही करायची तर तो ओटीपी आधीपासून नोंदलेल्या नंबरावर, म्हणजे तुमच्या साहेबांच्या फोनवर, जातो. म्हणून हे काम भांडण सुरू व्हायच्या आधी, समोरासमोर बसून, दहा मिनिटांत उरकावं. सल्लागाराने ओटीपी सांगितला की काम झालं. नाहीच सांगितला, तर अधिकारक्षेत्रातल्या जीएसटी अधिकाऱ्याकडे ओळखीचा आणि धंद्याचा पुरावा घेऊन जावं लागतं. अधिकारक्षेत्र राज्याचं की केंद्राचं हे पोर्टलवर `Search Taxpayer` मध्ये जीएसटी नंबर टाकला की दिसतं. राज्याचं असेल तर आपल्याकडे पाथर्डी फाट्याचं जीएसटी भवन. अधिकारी पडताळणी करून नवा नंबर आणि ईमेल चढवतात आणि तात्पुरता पासवर्ड नव्या ईमेलवर येतो. रस्ता आहे, पण त्यात २० तारीख उलटून जाऊ शकते.

सल्लागार जीएसटी प्रॅक्टिशनर म्हणून पोर्टलवर जोडलेले असतील, तर `Engage / Disengage GSTP` मधून त्यांना वेगळं काढावं लागतं. पासवर्ड बदलला तरी ती जोडणी तशीच राहते, कारण ते स्वतःच्या लॉगिनमधून काम करत असतात. आयकर पोर्टलवरही `My CA` मध्ये जुनं नाव तसंच राहून जातं, तेही काढावं.

आता फाइल ठेवून घ्यायच्या हक्काबद्दल. करार कायद्याच्या कलम १७१ मध्ये येणं बाकी असेपर्यंत ताब्यातला माल ठेवून घ्यायचा सर्वसाधारण हक्क काही ठरावीक लोकांना दिलेला आहे. त्या यादीत बँका आहेत, उच्च न्यायालयाचे अ‍ॅटर्नी आहेत, कर सल्लागार नाहीत. कलम १७० मध्ये ज्या वस्तूवर कष्ट किंवा कसब लावलं ती मेहनताना मिळेपर्यंत ठेवता येते, तुमचा आधार बहुधा तोच असणार. पण २००० साली आर. डी. सक्सेना विरुद्ध बलराम प्रसाद शर्मा या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की पक्षकाराची फाइल म्हणजे विकता येणारा माल नव्हे आणि फीसाठी वकिलाला ती अडवून ठेवता येत नाही, फीसाठी त्याने वेगळी कायदेशीर वाट धरावी. निकाल वकिलांबद्दलचा आहे हे खरं, पण तीच कारणं खरेदीच्या बिलांना आणि भाडेकराराला लागू पडतात असं माझं स्पष्ट मत आहे. वर्कशॉपच्या प्लॉटचा मूळ करार अडवल्याने तुमची फी वसूल होत नाही. त्या माणसाचं बँकेतलं कर्जाचं प्रकरण मात्र अडतं.

फी बुडवा असं मी कुठेही म्हटलेलं नाही, आणि म्हणणारही नाही. फीचा हिशेब त्याच पत्रात यायला हवा. वर्कशॉपवाल्याचंच उदाहरण पुढे नेतो. तुमचं बिल २४,००० चं आहे: आठ महिन्यांची जीएसटी रिटर्न दरमहा १,५०० प्रमाणे १२,०००, ताळेबंद आणि आयकर रिटर्नचे ८,०००, आणि एका नोटिशीच्या उत्तराचे ४,०००. नोटिशीचं उत्तर गेलंच नाही असं त्याचं म्हणणं. तर त्याने २०,००० बँकेतून भरावेत, त्याचा व्यवहार क्रमांक पत्रात लिहावा, आणि उरलेल्या ४,००० बद्दल 'पाठवलेल्या उत्तराची पोच दाखवा, त्याच दिवशी भरतो' असं एका वाक्यात लिहावं. असं केलं की फी आणि कागद हे दोन विषय वेगळे राहतात. धंद्याला कर लेखापरीक्षण लागत असेल तर हे जास्तच गरजेचं आहे. नव्या सीएला काम घेण्याआधी जुन्या सीएला लेखी कळवावंच लागतं, आणि लेखापरीक्षणाची वाद नसलेली फी बाकी असेल तर त्याने काम स्वीकारू नये असं सीए इन्स्टिट्यूटचं बंधन आहे.

जुळवणीबद्दल तुम्ही निम्मे बरोबर आहात. लेखापरीक्षणाच्या वर्किंग पेपर्सची मालकी लेखापरीक्षकाची असते, आणि ते मागू नयेत. तुमच्या माणसाने स्वतःसाठी बनवलेली तपासणीची टिपणं, बाजूला पेन्सिलने केलेले हिशेब, हेही तुमचेच. पण अशिलाची वही तुम्ही लिहीत असाल, तर टॅलीतला डेटा ही त्याची हिशेबाची पुस्तकं आहेत. त्याचा बॅकअप द्यावाच लागेल. पुरवठादारांच्या रिटर्नवरून पोर्टलवर तयार होणाऱ्या २बीशी केलेली खरेदीची जुळवणी मधे येते. माझा सल्ला असा, की शेवटच्या भरलेल्या महिन्याची जुळवणी मागावी, कारण कोणत्या बिलावरच्या कराचं क्रेडिट घेतलं आणि कोणतं पुढे ढकललं हे त्याशिवाय नव्या माणसाला कळत नाही आणि एकाच बिलाचं क्रेडिट दोनदा जातं. मागच्या तीन वर्षांच्या जुळवण्या मागू नयेत.

आणि रिटर्न पोर्टलवर असतात हेही अर्धंच खरं. आयकराचं रिटर्न, पोचपावती आणि नंतर खात्याकडून आलेली इंटिमेशन `e-File` → `Income Tax Returns` → `View Filed Returns` मध्ये मिळतात. ती अशिलाने स्वतः उतरवून घ्यावीत, तुम्हाला त्रास देऊ नये. जीएसटीची रिटर्नसुद्धा तशीच, फक्त तिथला तपशील सात वर्षांपर्यंतच दिसेल असं २०२४ च्या सप्टेंबरात जाहीर झालं आहे, तेव्हा जुनी आत्ताच उतरवावीत. पण बँक मागते ते कॉम्प्युटेशन, म्हणजे उत्पन्न आणि कराचा हिशेब, आणि सहीशिक्क्याचा ताळेबंद आयकर रिटर्नच्या पीडीएफमध्ये सापडत नाही. व्यवसाय कराचं लॉगिन महाजीएसटीच्या वेगळ्या साइटवर आहे, टीडीएसचं आयकर खात्याच्या ट्रेसेस साइटवर, आणि हे दोन्ही मालकाला बहुधा माहीतच नसतात. नोटिशीला दिलेल्या उत्तरासोबत नेमके कोणते कागद जोडले होते, तेही विचारून घ्यावं लागतं. मागायचं ते एवढंच.

कागद हातात घेताना 'फाइल मिळाली' अशी सही कुणीच करू नये आणि कुणी मागूही नये. एका कागदावर ओळीओळीने लिहावं:

"खरेदी बिले, ऑगस्ट, क्र. १ ते ४२, मूळ. क्र. २७ नाही. जागेचा भाडेकरार, १४ पाने, मूळ. जीएसटी नोंदणी प्रमाणपत्र, झेरॉक्स."

खाली तारीख आणि दोघांच्या सह्या, एकेक प्रत दोघांकडे. क्र. २७ नाही हे लिहिलेलं असणं तुमच्याही फायद्याचं आहे, कारण सहा महिन्यांनी ते बिल हरवल्याचा आळ तुमच्यावर येणार नाही. पत्राच्या दुसऱ्या प्रतीवर तुमच्या ऑफिसचा शिक्का आणि तारखेची पोच मिळाली तर उत्तम. पोच देत नसाल तर तेच पत्र स्पीड पोस्टाने आणि ईमेलने जावं, आणि त्यात कागद न्यायला कोण येणार त्याचं नाव असावं, म्हणजे भलत्याच्या हाती फाइल दिल्याचा वाद तुमच्या माथी येत नाही.

एक गोष्ट मात्र यादीतली ओळ म्हणून सोडू नका, ती म्हणजे डिजिटल सहीचं पेनड्राइव्हसारखं टोकन. तुमच्या ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये अशिलांची अशी टोकनं रबर लावून, पिन कागदाच्या चिठ्ठीवर लिहून ठेवलेली असतील, तर ती ज्याची त्याला परत करा, काम चालू असलं तरीही. माहिती तंत्रज्ञान कायद्याप्रमाणे त्या सहीची गुप्त किल्ली सांभाळायची जबाबदारी ज्याच्या नावाने ती आहे त्याची. त्यामुळे टोकन मिळालं नाही, तर अशिलाने वाट न बघता ते देणाऱ्या संस्थेला कळवून प्रमाणपत्र रद्द करून घ्यावं आणि नवं काढावं. टोकन परत मिळालं तरी घरी जाऊन पहिला त्याचा पिन बदलावा.