काडी विझते, पण लॅगिंग पेटतं

"डिझेल म्हणजे पेट्रोल नव्हे. पेटती काडी डिझेलच्या भांड्यात टाका, काडीच विझते. मग जनरेटर चालू असताना त्याच्याजवळच्या छोट्या टाकीत, म्हणजे डे टँकमध्ये, कॅनने डिझेल ओतायला काय हरकत आहे? थोडं सांडलं तर फडक्याने पुसायचं, गरम पाइपवर पडलं तर आपोआप उडून जातं. बंद करून भरा म्हणणारे उगाच घाबरवतात."

असा युक्तिवाद केला जातो. काडी विझते हे खरं आहे, मी स्वतः करून पाहिलं आहे. डिझेल द्रवरूपात जळत नाही, त्याची वाफ जळते. काडी लावल्यावर पेट घेण्याइतकी वाफ सुटायला डिझेल साधारण 50 ते 60 अंश सेल्सिअसपर्यंत तापावं लागतं. त्याला फ्लॅश पॉइंट म्हणतात. पेट्रोलचा फ्लॅश पॉइंट शून्याच्या कितीतरी खाली असतो, म्हणून ते थंडीतही भडकतं. पण आता त्याच भांड्यातल्या थंड डिझेलमध्ये एक चिंधी बुडवा, तिचं टोक बाहेर राहू द्या आणि त्या टोकाला काडी लावा. ते पेटतं. भांडंभर तेल तापवायची काडीची ताकद नसते, पण धाग्यात चढलेला थेंबभर थर ती सहज तापवते. दिव्याची वात याच न्यायाने जळते. म्हणजे काडीचा प्रयोग थंड, उघड्या, सपाट पृष्ठभागाच्या डिझेलबद्दल बोलतो. डीजी रूममध्ये, म्हणजे डिझेल जनरेटरच्या खोलीत, या तिन्ही अटी मोडतात, आणि टँक भरायची वेळ येते तेव्हा सगळ्यात जास्त मोडतात.

आधी 'थंड' या शब्दाचं बघू. इंजिन डे टँकमधून जेवढं डिझेल ओढतं तेवढं सगळं जाळत नाही. बरंचसं डिझेल पंप आणि इंजेक्टरमधून फिरून, त्यांची उष्णता घेऊन, रिटर्न लाइनने टँकमध्ये परत येतं. समजा जनरेटर सेट ताशी 150 लिटर ओढतो, 50 जाळतो आणि 100 परत पाठवतो. टँकमध्ये 300 लिटर असतील तर तेवढा साठा इंजिनातून एकदा फिरायला दोन तास लागतात. टँक 40 लिटरवर आला की तेवढंच डिझेल दर सोळा मिनिटांनी इंजिनातून जाऊन येतं, आणि दर फेरीला आणखी तापतं. रिटर्न लाइनवर कूलर नसेल, खोली कोंदट असेल, तर तळाचं डिझेल 60 अंशांच्या घरात जाणं अजिबात नवलाचं नाही. टँकच्या तळाशी बाहेरून हात लावून बघा, भरलेला असताना आणि रिकामा होत आला असताना. फरक थर्मामीटरशिवाय कळतो.

कॅन घेऊन माणूस जातो तो नेमका टँक रिकामा होत आल्यावर. तेव्हा आतलं उरलेलं डिझेल सगळ्यात गरम असतं आणि वरची रिकामी जागा वाफेने भरलेली असते. तुम्ही 35 लिटर ओतता तेव्हा 35 लिटर वाफाळलेली हवा बाहेर ढकलली जाते. टँकमधली हवा सोडणारा व्हेंट पाइप इमारतीबाहेर नेलेला असला तरी झाकण उघडं असल्यावर ती हवा जवळची वाट धरते, म्हणजे तुमच्या तोंडासमोरून. काडी विझवणारं भांडं ते हे नव्हे.

आता 'आपोआप उडून जातं'. गरम पाइपवर थेंब पडतो, चुरचुरतो, पांढरा धूर येतो आणि डाग वाळतो. तो पांढरा धूर म्हणजे जळू शकणारी डिझेलची वाफ. ठिणगीशिवाय, नुसत्या उष्णतेने डिझेल पेटण्याचं तापमान सव्वादोनशे अंशांच्या आसपास आहे, आणि पूर्ण लोडवर टर्बोमधून बाहेर पडणारा धूर सहज 450 ते 500 अंशांचा असतो. मग दर वेळी भडका का उडत नाही? उघड्या धातूवर वाफ टिकत नाही. हवा तिला तापण्याआधी उचलून नेते, त्यामुळे प्रत्यक्षात पृष्ठभाग पुस्तकातल्या आकड्यापेक्षा बराच जास्त तापलेला लागतो. दहा वेळा सांडूनही काही झालं नाही असं सांगणारा माणूस खोटं बोलत नसतो. त्याचं दहाही वेळा उघड्या लोखंडावर सांडलेलं असतं, किंवा लोड कमी असतो.

लॅगिंगमध्ये मात्र वाफेला पळायला जागा नसते. एक्झॉस्ट पाइपला गुंडाळलेली काचलोकर आणि तिच्यावरचं अॅल्युमिनियमच्या पत्र्याचं आवरण, यांच्या सांध्यातून गेलेलं डिझेल आत मुरतं, वातीसारखं पसरतं आणि थेट तापलेल्या पाइपला जाऊन चिकटतं. काचलोकर स्वतः जळत नाही, पण तिच्यातलं डिझेल जळतं. जहाजांच्या इंजिनरूममध्ये 220 अंशांच्या वर तापणारा भाग झाकलेलाच असला पाहिजे असा आंतरराष्ट्रीय नियम आहे, आणि ते झाकण तेल आत शिरू देणारं नसावं यावर तिथे तेवढाच कटाक्ष असतो. इमारतीच्या तळघरातल्या सेटकडे त्या नजरेने कोणी बघत नाही.

माझ्या देखभालीत असलेल्या 250 केव्हीएच्या एका सेटवर हे घडलं. वीज गेलेली, टँक तळाला, ऑपरेटर स्टुलावर चढून नरसाळ्याने ओतत होता. कॅन हातातून निसटला आणि लिटर-दीड लिटर डिझेल टर्बोनंतरच्या बेलोजवर, म्हणजे एक्झॉस्ट पाइपच्या लवचीक जोडावर, उडालं. थोडा धूर झाला. पाचच मिनिटांत वीज आली, सेट बंद झाला. त्याने वरचा पत्रा फडक्याने पुसून लखलखीत केला आणि गोष्ट तिथेच संपली असं सगळ्यांना वाटलं, मलाही. पुढचे तीन आठवडे सेट फक्त आठवड्याच्या चाचणीला दहा मिनिटं बिनलोड चालला. बिनलोड सेटचा एक्झॉस्ट फार तापत नाही. चौथ्या आठवड्यात वीज तासभर गेली, पूर्ण लोड आला आणि चाळीसेक मिनिटांनी खोलीत जळक्या तेलाचा उग्र वास सुटला. पत्र्याच्या सांध्यातून निळसर धूर येत होता, मग तळहाताएवढी ज्योत दिसली. पावडरचा सिलिंडर मारला, विझली. दोन मिनिटांत पुन्हा आली. सेट चालू होता, पंखा पावडर उडवून नेत होता आणि आतली लोकर पाइपवर तापतच होती. सेट बंद करून, पत्रा कापून, लोकर ओरबाडून काढली तेव्हा कुठे थांबलं. आतला थर डांबरासारखा काळा आणि कडांना लाल धुमसत होता.

म्हणून लॅगिंगवर डिझेल सांडलं तर पुसू नका, तो तुकडा काढून बदला. बदलेपर्यंत सेटवर लोड घेऊ नका. सांध्यापाशी तपकिरी ओघळ दिसला किंवा सुरू केल्यावर दर वेळी थोडा वेळ धूर येऊन थांबत असेल, तर आत डिझेल किंवा इंजिन ऑइल मुरलेलं आहे असंच धरा.

'चालू असताना' यातली आणखी एक गंमत पंख्याची. बहुतेक सेटमध्ये रेडिएटर पुढच्या टोकाला असतो आणि पंखा हवा बाहेर ढकलतो. म्हणजे खोलीतली हवा अल्टरनेटरच्या बाजूने येऊन, इंजिन आणि टर्बो घासून, रेडिएटरमधून बाहेर पडते. टँक सहसा मागे किंवा बाजूला. त्याच्या तोंडाशी उडालेले शिंतोडे आणि वाफ या वाऱ्यावर तापलेल्या भागाकडेच जातात. शिंतोडा जितका बारीक तितका वाईट, कारण तुषार फ्लॅश पॉइंटच्या खालीही पेटतो. इंधननळीला सुईएवढं छिद्र पडलं तर तीच आग लागते, फक्त जास्त वेगाने.

बरं, सेट बंद केला आणि लगेच कॅन उचलला, तर? तेही चूक. इंजिन थांबलं की पंखा आणि पाणी दोन्ही थांबतं, आणि टर्बोच्या जाड धातूतली उष्णता आजूबाजूच्या भागांत पसरत राहते. काही मिनिटं ते भाग आधीपेक्षाही गरम होतात. लोड काढा, तीन ते पाच मिनिटं बिनलोड चालवा, बंद करा, मग किमान पंधरा-वीस मिनिटं थांबा. एवढा अंधार परवडत नसेल तर वीज जाण्याआधी टँक भरून ठेवायला हवा होता.

इथे एक गोष्ट मान्य करायलाच हवी. डे टँक हा मुळात चालू सेटमध्ये भरला जावा म्हणूनच असतो, बाहेरच्या मोठ्या टाकीतून, पंपाने, बंद पाइपातून. ते चालतं. उघड्या तोंडातून ओतणं चालत नाही. पण बंद पाइपाचंही एक दुखणं आहे. फ्लोट स्विच अडकला तर पंप थांबत नाही. पंप मिनिटाला 40 लिटर देत असेल आणि ओव्हरफ्लो पाइप भरण्याच्या पाइपापेक्षा बारीक असेल, तर जास्तीचं डिझेल व्हेंटमधून किंवा झाकणातून जमिनीवर येतं. ओव्हरफ्लो भरण्याच्या पाइपापेक्षा मोठा हवा, उतरता हवा, मोठ्या टाकीत परत जाणारा हवा आणि त्यावर व्हॉल्व्ह नको. टँकखालचा ट्रे टँकभर डिझेल मावून थोडा उरेल एवढा. त्या ट्रेमध्ये फडकी, रिकामे फिल्टर आणि खोकी ठेवलेली मी जितक्यांदा पाहिली आहेत, तितक्यांदा ट्रे रिकामा पाहिलेला नाही.

सांडलेल्या डिझेलवर वाळू किंवा खनिज शोषक टाका, उचलून झाकणाच्या लोखंडी डब्यात भरा आणि डबा खोलीबाहेर ठेवा. लाकडी भुसा नको. तो स्वतःच वात होतो.

शेवटचं, 'उगाच घाबरवतात'बद्दल. डे टँक बहुधा इंजिनापेक्षा उंच असतो. नळी जळाली की टँकमधलं डिझेल आपल्या वजनाने आगीवर ओतत राहतं. यासाठी टँकच्या तोंडाशी फायर व्हॉल्व्ह असतो. तार ताणून तो उघडा धरलेला असतो, तारेतली वितळणारी कडी इंजिनाच्या डोक्यावर असते. कडी वितळली की तार सुटते, वजन पडतं, व्हॉल्व्ह बंद. वर सांगितलेल्या आगीनंतर मी तो तपासायला गेलो. व्हॉल्व्हचा दांडा कोणीतरी साध्या बांधणीच्या तारेने पाइपाला करकचून बांधला होता, "मध्येच पडून सेट बंद पडायचा" म्हणून. मी ती तार कापली. वजन निम्म्यापर्यंत आलं आणि गंजलेल्या पिनवर अडकून तिथेच थांबलं.