कार्डावर 01/27 असेल, तर संक्रांतीलाही ते चालेल

"कार्डावर 01/27 छापलंय म्हणजे १ जानेवारीला, किंवा फार तर २७ तारखेला कार्ड बंद. ३१ डिसेंबरच्या आत खातं रिकामं करा, नाहीतर गड्डा यात्रेच्या गर्दीत पैसे अडकतील. सोलापूरच्या सगळ्या ग्रुपवर पाठवा."

आधी २७चं बघू. कार्डावर दिवस छापलेलाच नसतो, आधी महिना आणि मग वर्षाचे शेवटचे दोन आकडे असतात. पाठीमागच्या काळ्या चुंबकीय पट्टीत हीच मुदत 2701 अशी, म्हणजे वर्ष आधी आणि महिना नंतर, नोंदलेली असते. त्यामुळे २७ हा दिवस असूच शकत नाही, ते वर्ष २०२७.

आता १ जानेवारी. छापलेला महिना हा कार्ड चालण्याचा शेवटचा महिना असतो, आणि तो पूर्ण धरायचा. चिपमध्ये मुदतीसाठी दिवसाचीही जागा असते आणि तिथे सहसा महिन्याची अखेर भरलेली असते, म्हणजे 270131. तेव्हा हे कार्ड ३१ जानेवारी २०२७च्या रात्रीपर्यंत चालेल. संक्रांतीला होम मैदानावर गर्दी असेल तेव्हा एटीएमही चालेल आणि चाटी गल्लीतल्या दुकानातलं स्वाइप मशीनही. 02/28 असेल तर २९ फेब्रुवारीपर्यंत, कारण २०२८ लीप वर्ष आहे.

खातं रिकामं करण्याचा सल्ला मला सगळ्यात घातक वाटतो. कार्ड ही खात्याला पोचायची फक्त एक वाट आहे. तिची मुदत संपली तरी शिल्लक, व्याज, पासबुक, चेक, शाखेतून पैसे काढणं, सगळं जसंच्या तसं राहतं. या भीतीपोटी म्हातारी माणसं हजारोंची रोकड पिशवीत घेऊन यात्रेच्या गर्दीत शिरली, तर नुकसान तिथे होईल.

मुदतीआधी कार्ड बंद पडू शकतं, पण त्याचं कारण वेगळं असतं. नवीन कार्ड आलं आणि ते सुरू केलं की बऱ्याच बँकांत जुनं लगेच बंद होतं. नंबर तोच राहिला तरी नव्या कार्डावर मुदत आणि मागचा तीन आकडी सीव्हीव्ही बदललेला असतो. म्हणून जुन्या कार्डावर लावलेले मासिक हप्ते किंवा वर्गण्या अडकू शकतात. त्या नव्या कार्डावर पुन्हा नोंदवून घ्या.

३१ जानेवारी २०२७ला रविवार आहे, शाखा बंद असेल. पंधरा तारखेपर्यंत नवीन कार्ड घरी आलं नाही, तर बँकेत जाऊन नोंदवलेला पत्ता तपासून घ्या. मधल्या काळात "तुमचं कार्ड संपतंय, ओटीपी सांगा" असा फोन आला तर ठेवून द्या. कार्ड बदलून देण्यासाठी बँक फोनवर ओटीपी मागत नाही.