टक्के गोळ्याचे नव्हेत, पिठाचे

“बेकरीवाल्यांचे टक्के म्हणजे चुकीचं गणित. पीठ 100, पाणी 68, मीठ 2, यीस्ट 1, बेरीज 171! टक्के शंभराच्या वर जातात कसे? घरी पोई करताना मळलेला गोळा वजन करा आणि त्याच्या 2 टक्के मीठ घाला. पीठ मिश्र असेल तर हिशेब फक्त मैद्यावर धरा, पाणी मैदाच ओढतो.”

गोव्यातल्या घरी पाव-पोई भाजणाऱ्यांमध्ये हा मजकूर सध्या खूप फिरतोय. त्याच्या भरवशावर पीठ वाया जाऊ नये, म्हणून एकेक मुद्दा घेतो.

आधी बेरीज. हे टक्के गोळ्याचे वाटे नाहीतच. पिठाचं वजन 100 धरायचं आणि बाकी प्रत्येक जिन्नस त्या पिठाच्या मानाने किती, एवढंच ते सांगतात. म्हणून बेरीज शंभरावर जाणारच. ती कामाचीही आहे. समजा 90 ग्रॅमच्या 40 पोया हव्यात, म्हणजे गोळा 3,600 ग्रॅम. त्याला 1.71 ने भागलं की पीठ मिळतं, 2,105 ग्रॅम. मग पाणी 1,431, मीठ 42, यीस्ट 21 ग्रॅम. भाजताना वजन घटतं, तेव्हा 90 ग्रॅम हे कच्च्या गोळ्याचं धरा. आता कोणी 68 हा गोळ्यातला वाटा समजला, तर किलोभर गोळ्यात 680 ग्रॅम पाणी आणि जेमतेम 300 ग्रॅम पीठ पडेल. ते आंबोळीच्या पिठासारखं वाहील. 68 टक्क्यांच्या गोळ्यात पाण्याचा खरा वाटा 40 टक्क्यांच्या आसपासच असतो.

पाया पिठाचाच का? कारण पाणी आपण बदलत राहतो. 68 वरून 72 वर गेलो तर पिठावरच्या हिशेबात फक्त पाण्याचा आकडा हलतो, मीठ आणि यीस्ट जागच्या जागी राहतात. गोळ्यावर हिशेब धरला की पाणी हलताच सगळेच आकडे पुन्हा मांडावे लागतात.

मिठाचा सल्ला सगळ्यात घातक आहे. वरचाच घाणा घ्या. मीठ सोडून गोळा 3,557 ग्रॅम, त्याचे 2 टक्के म्हणजे 71 ग्रॅम. हवं होतं 42. पिठाच्या मानाने हे मीठ जवळजवळ 3.4 टक्के झालं, आणि पावाला साधारण 1.8 ते 2.2 पुरतं. पोई खारट लागेल हे तर झालंच, पण त्याआधी यीस्ट मंदावेल. गोळा ताठ राहतो, फुगायला नेहमीपेक्षा फार वेळ घेतो, आणि घरचा माणूस यीस्ट जुनं निघालं समजून आणखी यीस्ट घालतो. अशा वेळी आधी मिठाचं वजन पिठाच्या वजनाने भागून पाहा. उलट मीठ विसरलात तर गोळा चिकट होतो आणि मे महिन्याच्या उकाड्यात बघता बघता फुगून खाली बसतो. तो वेग आवरायला मीठ वाढवू नका, यीस्ट कमी करा.

मिश्र पिठाचं आता. पोईसाठी 70 भाग गव्हाचं पीठ आणि 30 भाग मैदा घेतला, तर दोन्ही मिळून 100. फक्त मैद्यावर धरलं तर आपल्या घाण्यात मैदा 631 ग्रॅम, त्याचे 68 टक्के म्हणजे 429 ग्रॅम पाणी. एवढ्यात दोन किलोंवर पीठ भिजणारच नाही, भुगा राहील. शिवाय पाणी मैदाच ओढतो हे उलटं आहे. गव्हाच्या पिठातला कोंडा जास्त पाणी पितो, म्हणून त्याच 68 टक्क्यांवर मैद्याचा गोळा सैल आणि कणकेचा घट्ट लागतो. पोईवर शेवटी लावतो तो कोंडा मात्र या 100 मध्ये धरायचा नाही.

जुन्या पोदेरांसारखी सूर घालत असाल तर ती पाण्यात मोजा, कारण सूर बहुतांशी पाणीच. 300 ग्रॅम सूर घातली तर साधं पाणी 1,131 ग्रॅमच. हे विसरल्याने गोळा सैल होतो आणि दोष पिठाला लागतो.

एक मर्यादा मान्य करायला हवी. जुलैत पीठ हवेतला ओलावा धरून बसतं आणि टक्क्यांना ते दिसत नाही. पाण्यातलं 50 ग्रॅम बाजूला ठेवा, गोळा मळून दहा मिनिटं झाका, मग हात लावून लागेल तसं घाला. शेवटी किती गेलं ते पिठाने भागून लिहून ठेवा. 1,390 ग्रॅम गेलं असेल, तर त्या पिठाचा त्या दिवसाचा आकडा 66.