आडनावच नाही, मग सरनेमच्या रकान्यात काय भरायचं?

पोस्ट लांब आहे, पण ज्यांच्या पासपोर्टवर एकच नाव आहे त्यांनी तिकीट काढायच्या आधी पूर्ण वाचा, कारण तिकीट काढल्यावर आमच्याकडे आलात की निम्मे मार्ग बंद झालेले असतात.

मी कोल्हापुरात तिकीट आणि व्हिसाचं काम करते. एकच नाव म्हटलं की लोकांना वाटतं हा तामिळनाडू-केरळचा विषय, आपल्याकडे कुठे. आपल्याकडेही आहे की. जात कळू नये म्हणून आडनाव ठरवून सोडलेली घरं आहेत, शाळेच्या दाखल्यावर नुसतं नाव लागलेल्या जुन्या बायका आहेत, आणि ज्यांच्या पासपोर्टवर Given Name मध्ये एक शब्द आणि Surname कोरं अशी माणसं तर बरीच आहेत. आपला पासपोर्ट असा मिळतो, त्यात बेकायदेशीर काही नाही. अडतं ते पुढे, कारण बाकीच्या जगाच्या फॉर्मना दोन्ही रकाने भरलेले हवे असतात.

आणि अडलं की जो तो सल्ला देतो, "अगं टाक ना काहीतरी, बापाचं नाव टाक, नवऱ्याचं आडनाव टाक, कोण बघतंय." माझं म्हणणं एकच आहे आणि त्यावर मी ठाम आहे. पासपोर्टवर नसलेला शब्द स्वतःच्या मनाने सरनेममध्ये टाकायचा नाही. रकाना कसा भरायचा हे त्या देशाने नाहीतर त्या एअरलाइनने ठरवलेलं असतं, ते शोधायचं आणि जसंच्या तसं भरायचं. आपण आडनाव बनवायचं नाही.

एक केस सांगते, नाव बदललंय, कविता म्हणूया. आईवडील चळवळीतले, लेकीला आडनाव लावायचं नाही हे त्यांनी ती जन्मली तेव्हाच ठरवलेलं. दाखल्यावर कविता, आधारवर कविता, पासपोर्टवर Given Name मध्ये KAVITA, सरनेम कोरं. पोरीला एमएस करायला अमेरिकेला जायचं होतं.

पहिला घोळ युनिव्हर्सिटीच्या अर्जातच झालेला. तिथे लास्ट नेम भरल्याशिवाय पुढचं पान उघडेना म्हणून तिने दोन्हीकडे कविताच टाकलं, आणि आय-ट्वेंटी, म्हणजे विद्यार्थी व्हिसासाठी युनिव्हर्सिटी देते तो फॉर्म, आला तो KAVITA KAVITA नावाने. आता हे चालेल का? मी म्हटलं आधी हे दुरुस्त करून घे, मग व्हिसाच्या फॉर्मला हात लाव. आय-ट्वेंटी ज्या सरकारी सिस्टिममधून निघतो तिथे एकच नाव असलेल्या विद्यार्थ्याचं नाव सरनेमच्या जागी घालतात आणि गिव्हन नेम कोरं ठेवतात, तिथे FNU, म्हणजे फर्स्ट नेम अननोन, वगैरे लिहीत नाहीत. तिने इंटरनॅशनल ऑफिसला पासपोर्टच्या पानाचा स्कॅन जोडून मेल केला आणि सुधारलेला आय-ट्वेंटी आला.

मग DS-160, म्हणजे अमेरिकेच्या व्हिसाचा ऑनलाइन फॉर्म. इथे भल्याभल्यांचा गोंधळ होतो, कारण पासपोर्टवर नाव Given Name मध्ये आहे म्हणून लोक फॉर्ममध्येही तिथेच टाकतात आणि सरनेमला NA नाहीतर टिंब देऊन बघतात. अमेरिकेची पद्धत बरोबर उलटी आहे, एकुलतं एक नाव सरनेममध्ये जातं आणि Given Names मध्ये FNU ही तीन अक्षरं टाकायची. म्हणून कविताचं असं भरलं:

```
Surnames:    KAVITA
Given Names: FNU
Full Name in Native Alphabet: कविता
```

तिसऱ्या ओळीत तिने देवनागरीत नाव टाकलं, तिथे FNU ची गरज नाही. आणि पुढे विचारतात की आणखी कुठलं नाव कधी वापरलंय का, तिथेही FNU टाकायचं नाही, ते काही तिचं नाव नाही, रिकाम्या रकान्याची खूण आहे.

आता समजा पासपोर्टवर Given Name मध्येच दोन शब्द आहेत, KAVITA RAMESH, आणि सरनेम कोरं. तेव्हा बरेच एजंट परस्पर तोडून रमेशला आडनाव करतात. अमेरिकेच्या फॉर्ममध्ये तसं करू नका, दोन्ही शब्द एकत्र सरनेममध्ये आणि गिव्हनमध्ये FNU. कॅनडाचं परत वेगळं, तिथे सगळं नाव फॅमिली नेममध्ये टाकतात आणि गिव्हन नेमचा रकाना कोराच सोडतात, FNU नाही. म्हणून म्हणते की मैत्रिणीने काय भरलं ते कॉपी करू नका, ती दुसऱ्या देशाला गेलेली असते.

व्हिसा आला, त्यावर सरनेम KAVITA, गिव्हन नेम FNU असं छापून आलं. घरच्यांना धक्काच बसला. वडील मला म्हणाले, "ताई, पोरीच्या नावात हे काय घुसलं? हे बदलून मिळेल का?" मी म्हटलं दादा, हे असंच यायला पाहिजे, आणि असं आलंय म्हणूनच आता तिकिटाचं सोपं झालं.

तिकिटाचं नीट समजून घ्या. एअरलाइनच्या बुकिंग सिस्टिममध्ये प्रवाशाचं नाव एका ओळीत बसतं, आधी आडनाव, मग तिरपी रेघ, मग पहिलं नाव आणि त्याला चिकटून मिस्टर-मिस. रेघेच्या दोन्ही बाजूंना काहीतरी असल्याशिवाय पीएनआर तयारच होत नाही. त्यामुळे एकाच नावासाठी एअरलाइन्सनी आपापल्या रीती पाडल्यात. कुणी FNU घेतं, कुणी तेच नाव दोनदा टाकायला सांगतं, कुणी LNU, म्हणजे लास्ट नेम अननोन, तर कुणी पहिल्या नावाच्या जागी नुसतं MR किंवा MS. सगळ्यांना लागू पडणारं एक उत्तर नाहीये, आणि जो कोणी "हेच सगळीकडे चालतं" असं छातीठोक सांगतो त्याचं ऐकू नका.

मी करते ते असं. ज्या देशाचा व्हिसा आहे त्यावर नाव जसं छापलंय ते समोर ठेवायचं, त्या एअरलाइनच्या हेल्पलाइनला तिकीट काढायच्या आधी फोन करायचा, आणि विचारायचं की पासपोर्टवर एकच नाव आहे, व्हिसावर असं आहे, तिकिटावर कसं घेऊ. जे सांगतील ते मेलवर किंवा चॅटवर लेखी घ्यायचं आणि प्रिंट पासपोर्टमध्ये ठेवायची. वाटेत दुसऱ्या एअरलाइनचं विमान असेल तर तिचंही विचारायचं, तिकीट एकीचं आणि विमान दुसरीचं असतं तेव्हाच काउंटरवर "आमच्याकडे असं चालत नाही" ऐकायला मिळतं. कविताच्या एअरलाइनने व्हिसाप्रमाणेच घ्या सांगितलं, तिकिटावर आलं KAVITA/FNUMS. ते शेवटचं MS चिकटलेलं बघून तिच्या आईचा परत फोन, नाव चुकलं म्हणून! नाही हो काकू, ते मिस आहे, सगळ्यांच्याच तिकिटावर असं चिकटून येतं.

हेच तिकीट घाईत एखाद्या स्वस्त साइटवरून LNU आडनाव आणि कविता पहिलं नाव असं काढलं असतं तर? व्हिसावर आडनाव कविता, तिकिटावर पहिलं नाव कविता, म्हणजे पूर्ण उलट. काउंटरवरचा माणूस समजूतदार असला तर सोडेल, नसला तर सुपरवायझर येईपर्यंत बाजूला उभं करेल. आणि दुरुस्ती करायला गेलं की एअरलाइन म्हणते साइटला विचारा, साइट म्हणते एअरलाइनला विचारा. म्हणून एकच नाव असलेल्यांनी परदेशाचं तिकीट थेट एअरलाइनकडून नाहीतर फोन उचलणाऱ्या एजंटकडून काढावं, दोन-तीन हजार जास्त गेले तरी चालतील. वेब चेक-इन झालं नाही तर घाबरू नका, नाव आपोआप जुळत नाही म्हणून सिस्टिम काउंटरला पाठवते, फक्त वेळ हातात ठेवून निघा.

दुबईचं मात्र वेगळं आणि कडक आहे. २०२२ च्या नोव्हेंबरमध्ये यूएईने नियम काढला की पासपोर्टवर एकच शब्द असेल आणि दुसरा रकाना कोरा असेल तर टुरिस्ट किंवा व्हिजिट व्हिसावर प्रवेश नाही. मग गदारोळ झाल्यावर खुलासा आला की पासपोर्टच्या दुसऱ्या पानावर वडिलांचं किंवा कुटुंबाचं नाव असेल तर चालेल. म्हणजे इथे तिकिटावर काय भरता यापेक्षा पासपोर्टवर दुसरा शब्द कुठे छापलाय का हे आधी बघायचं. तो नसेल तर कितीही हुशारीने फॉर्म भरला तरी उपयोग नाही, आणि तिकीट काढायच्या आधी एअरलाइनकडून आत्ताचा नियम विचारून घ्यायचाच.

देशातल्या देशात एवढा ताप नाही. बऱ्याचदा तेच नाव दोनदा टाकून काम होतं आणि गेटवर आधार बघून सोडतात. रेल्वेच्या साइटवर तर नावाला एकच रकाना आहे, लिहा कविता आणि बसा गाडीत. मग विमानवाल्यांना हे का जमत नाही? बुकिंगच्या पानावर "माझं एकच नाव आहे" अशी एक टिकमार्कची चौकट दिली आणि पुढे कसं छापायचं ते त्यांच्या सिस्टिमने बघितलं तर केवढा त्रास वाचेल. रीत त्यांची, मग ती प्रवाशाने फोन करकरून का शोधायची?

आणि पासपोर्ट ऑफिसबद्दलही माझी तक्रार आहे. सरनेम कोरं ठेवून अर्ज करणाऱ्याला त्याच वेळी एक कागद हातात द्या ना, की बाबा असा पासपोर्ट वैध आहे पण अमुक देशांत असं होतं. मग ज्याचं त्याने ठरवावं. कुणी म्हणेल वडिलांचं किंवा आईचं नाव सरनेममध्ये लावू, कुणी कविताच्या वडिलांसारखं म्हणेल की आम्ही विचार करून सोडलेली गोष्ट एका रकान्यासाठी परत लावणार नाही. दोन्ही बरोबर आहेत, पण ठरवायला माहिती तर पाहिजे. नंतर नाव बदलायचं म्हणजे पासपोर्ट री-इश्यू, त्याआधी आधार आणि बाकीचे कागद जुळवणं, आणि तोपर्यंत जुन्या नावाचा व्हिसा असेल तर दोन्ही पासपोर्ट बरोबर घेऊन फिरणं.

कविता आता तिकडे पोचलीय. कॉलेजच्या यादीत तिचं पहिलं नाव Fnu आलं आणि सर वर्गात तिला फनू म्हणायला लागले, तेव्हा तिने रजिस्ट्रार ऑफिसमध्ये जाऊन प्रेफर्ड नेममध्ये कविता करून घेतलं. तेवढं सगळ्यांनी पहिल्याच आठवड्यात करा, ते नाव वर्गाच्या यादीत आणि ईमेलमध्ये जातं. बँक आणि लायसन्सला मात्र व्हिसावरचंच राहू द्या, तिथे वेगळं घातलंत तर परत सगळं जुळेनासं होतं.

कुणाचं तिकीट किंवा व्हिसा यात अडकला असेल तर मेसेज करा. पासपोर्टचं पहिलं आणि शेवटचं पान, व्हिसा असेल तर त्याचा फोटो, नंबर झाकून. आणि कृपा करून तिकीट काढायच्या आधी करा.